तेवीस मुलं गैरहजर

सुकन्याबाईंची पीएच.डी. झाली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. आमचा मात्र लागला होता. मी त्यांच्याच शाळेत शिक्षक आहे, निरवांगीला, जिल्हा परिषदेच्या. नऊ वर्षं आमचे वर्ग शेजारी शेजारी आहेत आणि मधल्या भिंतीतून त्यांचा आवाज मला रोज ऐकू येतो. तो आवाज बंद झालेला मला एकदाच जाणवला, एप्रिल महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात.

बाई त्रेचाळीस वर्षांच्या. ठेंगण्या, चालणं मात्र इतकं झपाझप की सोबत चालणाऱ्याला धाप लागते. त्यांचं घर मूळचं मेंढपाळांचं. वडील आबाजी दर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचे. बाई तिसरीत जाईपर्यंत वर्षातले सात महिने त्यांचं नाव पटावर आणि त्या स्वतः वाड्यावर. मेंढपाळांच्या मुक्कामाला आमच्याकडे वाडा म्हणतात. मग आबाजींनी मेंढरं विकली, लोणी भापकरला वाट्यानं जमीन करायला घेतली, आणि मुलगी एका शाळेत टिकली. टिकली म्हणून डी.एड. झाली, शिक्षिका झाली, बाहेरून एम.ए., एम.एड. केलं. हे सगळं त्या कधी मोठेपणानं सांगत नाहीत. विचारलं तर सांगतात.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. बारामतीच्या एका महाविद्यालयातल्या संशोधन केंद्रात डॉ. माधवी मॅडम त्यांच्या मार्गदर्शक होत्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई डबा न उघडताच बारामतीची एस.टी. धरायच्या. विषय त्यांच्या अंगातलाच होता. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या बारा शाळांमधली चौथीची मुलं त्यांनी घेतली. सगळी मुलं मूळच्या मेंढपाळ घरांतली. त्यांचे दोन गट केले. एका गटातली घरं अजून मेंढरं घेऊन बाहेर पडतात, अशी चौसष्ट मुलं. दुसऱ्या गटातली घरं आता शेती नाहीतर दुसरं काही काम करून एका जागी राहतात, अशी बहात्तर. ऑगस्टमध्ये सगळ्यांची वाचनाची चाचणी घेतली, चाळीस गुणांची. फेब्रुवारीत पुन्हा घेतली. कोणाचं वाचन किती सुधारलं ते मोजलं.

दोन्ही गट सरासरी आठ-आठ गुणांनी सुधारले होते. म्हणून बाईंनी प्रबंधात लिहिलं, की स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांच्या वाचनप्रगतीत इतरांच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळत नाही. ते वाक्य लिहून झालं त्या दिवशी त्यांनी शाळेत सगळ्यांना पेढे वाटले होते. आम्ही कारण विचारलं तर म्हणाल्या, सहज.

प्रबंध सादर झाला, दोन परीक्षकांकडे गेला. आठ महिन्यांनी अहवाल आले. पहिल्या परीक्षकांचा अहवाल स्वच्छ होता. दुसऱ्यांनीही पदवीची शिफारस केली होती, पण खाली तीन प्रश्न टाकले होते आणि त्यांची उत्तरं मौखिक परीक्षेत समाधानकारक मिळावीत असं लिहिलं होतं. हे दुसरे परीक्षक म्हणजे कोल्हापूरकडचे डॉ. सर्जेराव मगदूम, आणि मौखिक परीक्षेला तेच येणार होते. मौखिक म्हणजे व्हायवा. त्यात पदवीची शिफारस अडूही शकते.

बाईंनी तो कागद मला शाळेच्या व्हरांड्यात दाखवला. पहिले दोन प्रश्न साधेच होते. तिसरा असा होता: दुसऱ्या फेरीत स्थलांतरित गटातील चौसष्टपैकी तेवीस विद्यार्थी दिसत नाहीत. हे विद्यार्थी कोण होते? ते नसण्याचा निष्कर्षांवर काय परिणाम होतो?

मी प्रबंधातलं मर्यादांचं पान काढलं. तिथं याबद्दल एकच ओळ होती. काही विद्यार्थी चाचणीच्या दिवशी अनुपस्थित असल्याने त्यांचा समावेश करता आला नाही.

मी त्यांना दिलेला सल्ला आज आठवला की मला लाज वाटते. मी म्हणालो, हीच ओळ तिथं म्हणून दाखवा. प्रत्येक प्रबंधात असली एक ओळ असते. पोरं गैरहजर होती, त्याला तुम्ही काय करणार?

बाईंनी ते पान माझ्या हातातून परत घेतलं. म्हणाल्या, "सार्थक सर, ती ओळ खोटी नाही. पण ती गैरहजर का होती, हे मला माहीत होतं. मी ते लिहिलं नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं, आता त्यांच्या परवानगीनं लिहितो. शेवटचा मसुदा करताना तक्त्यातली ती रिकामी घरं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तेवीस नावांपुढे ऑगस्टचे गुण आणि फेब्रुवारीच्या रकान्यात आडवी रेघ. त्यांना कळत होतं, की ही मुलं आजारी नव्हती की लग्नाला गेली नव्हती. ती वाड्यावर होती. त्यातली एक तर त्यांच्या चुलतभावाची, गेणबाची, मुलगी होती. पण आलेला निकाल त्यांना हवा होता तसाच आला होता. आपली पोरं कुठं कमी नाहीत, हे कागदावर छापून यावं असं त्यांना लहानपणापासून वाटत होतं. ते आलं होतं. मग त्या रेघांवर बोट ठेवायला त्यांचा हात धजावला नाही.

"मी लबाडी केली का हो?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही आपापल्या वर्गात गेलो. त्या दिवशी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला नाही.

शनिवारी त्या बारामतीला गेल्या आणि माधवी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम रागावतील असं त्यांना वाटलं होतं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, की त्या पानाखाली माझीही सही आहे, तो तक्ता मीही पाहिला होता, मलाही हा प्रश्न पडायला हवा होता. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती बाईंनी वहीत लिहून घेतली होती. मॅडम म्हणाल्या, "मर्यादांचं पान म्हणजे माफीनामा नव्हे, सुकन्या. आपल्या शब्दावर लोकांनी कुठपर्यंत विसंबायचं, ते आपणच सांगायचं असतं. परीक्षक तेवढंच विचारतोय."

सादर झालेला प्रबंध व्हायवा होईपर्यंत बदलता येणार नव्हता. पण प्रश्नाचं उत्तर तयार करता येणार होतं. मॅडमनी तीन कामं दिली. पहिलं, राहिलेल्या एक्केचाळीस मुलांचे आणि गेलेल्या तेवीस मुलांचे ऑगस्टचे गुण शेजारी ठेवायचे. दोन्ही सारखेच असतील तर काळजी कमी. दुसरं, वाईटात वाईट धरून चालायचं, की त्या तेवीस मुलांची प्रगती शून्य झाली. मग गटाची सरासरी किती येते ते पाहायचं. तिसरं, शक्य तितक्या मुलांच्या घरी जाऊन ती फेब्रुवारीत नक्की कुठं होती ते विचारायचं. माहीत आहे असं वाटणं वेगळं आणि विचारून घेणं वेगळं, असं मॅडम म्हणाल्या. आता पुन्हा चाचणी घेऊन उपयोग नव्हता. दोन वर्षं उलटून गेली होती, मुलं सहावीच्या वयाची झाली होती.

पहिली दोन कामं बाईंनी तिथंच बसून केली. राहिलेल्या मुलांची ऑगस्टची सरासरी होती एकवीस. गेलेल्यांची सतरा. म्हणजे जी गेली ती मुळातच वाचनात मागं होती. आणि त्यांची प्रगती शून्य धरली तर गटाची आठाची सरासरी पाचाच्या जरा वर येऊन थांबत होती. फरक नाही, हे वाक्य मग उभं राहत नव्हतं.

तिसऱ्या कामासाठी जूनचा पहिला रविवार धरला. त्या सुमाराला वाडे परतलेले असतात. बाईंचे यजमान शंभूराज दूध डेअरीचा टेम्पो चालवतात, त्यांना दोन्ही तालुक्यांतले कच्चे रस्ते पाठ आहेत. त्यांनी मोटारसायकल काढली. त्या दिवशी आणि पुढच्या दोन रविवारी दोघं मोरगाव, लोणी भापकर, आमच्या निरवांगीच्या आसपासची गावं, अशी हिंडली. एका रविवारी दुसऱ्या गाडीवर मीही गेलो. सल्ल्याची भरपाई म्हणा.

लोणी भापकरच्या बाजूला एका पडीक रानात गेणबाचा वाडा उतरला होता. मेंढरं वाघरीत बसली होती, म्हणजे जाळीच्या कुंपणात. गेणबाची बायको सारजा चहा ठेवायला उठली. बाईंनी वही काढली आणि विचारलं, त्या सालच्या फेब्रुवारीत नकोशी कुठं होती. नकोशी म्हणजे ती मुलगी. चौथी मुलगी झाली म्हणून नाव तसं पडलेलं. आता ती बारा वर्षांची होती आणि कोकरू मांडीवर घेऊन आमच्याकडे बघत होती.

गेणबा हसला. "आक्का, तुला ठावं न्हाय व्हय? आमच्यासंगं हुती की. पेणच्या अंगाला."

"ठावं हाय रं," बाई म्हणाल्या. "पण तुझ्या तोंडून लिहून घ्यायचंय. घरी आजीपाशी का ठेवली न्हाईस?"

गेणबानं जरा विचार केला. थोरल्या पोराला आजीपाशी ठेवलं होतं, म्हणाला. ते वाचनात हुशार होतं, मास्तर म्हणाले ठेवा. एका म्हातारीनं किती पोरं सांभाळायची? "हिचं काय शाळंत ध्यान नव्हतं. मग म्हणलं, चल आमच्यासंगं, कोकरं तरी संभाळशील."

बाईंची पेन्सिल थांबली. मलाही ते तेव्हाच लक्षात आलं. जे पोर वाचतंय ते मागं ठेवायचं, जे मागं पडतंय ते सोबत न्यायचं. दुसऱ्या घरांतही तेच ऐकायला मिळालं, शब्द तेवढे निराळे. तेवीसपैकी सतरा घरं भेटली. सतराच्या सतरा मुलं त्या फेब्रुवारीत वाड्यावर होती, एकही आजारपणामुळे चुकलेलं नव्हतं. त्यातली अकरा आज पुन्हा कुठल्या ना कुठल्या पटावर होती. सहांची शाळा सुटली होती. उरलेली सहा घरं भेटलीच नाहीत. ती कुठं आहेत हे कोणी नीट सांगू शकलं नाही, आणि बाईंनी वहीत तसंच लिहिलं.

निघताना गेणबानं नकोशीला हाक मारून एक बाटली आणायला लावली. मेंढरांना पाजायचं जंताचं औषध होतं. "किती पाजायचं ते वाच गं." नकोशीनं बाटली डोळ्यांजवळ धरली आणि बारीक छापलेला मराठी मजकूर अक्षर अक्षर जोडत वाचला. वजनाला किती मिली, गाभण मेंढीला द्यायचं की नाही. हळू वाचला, पण चुकली नाही. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि शाळेत नाव आहे का विचारलं. नव्हतं. शाळा सुटलेल्या त्या सहांपैकी ती एक होती. बाईंनी सारजाला सांगितलं, शाळा उघडली की हिला इथल्या शाळेत घेऊन जा, वयानुसार वर्गात बसवायचा कायदाच आहे. सारजानं मान हलवली, पण येईल की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

व्हायवा जूनच्या शेवटच्या मंगळवारी होता, सकाळी अकराला. महाविद्यालयाचं छोटं सभागृह. खुला असतो तो, कोणीही येऊन बसू शकतं, प्रश्नही विचारू शकतं. चाळीसेक माणसं होती. पुढं टेबलामागं विद्यापीठानं नेमलेले अध्यक्ष, शेजारी माधवी मॅडम आणि डॉ. मगदूम. पांढरे केस, खादीचा शर्ट, आणि समोर प्रबंध. त्यातून बाहेर आलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या मी मागच्या रांगेतून मोजल्या. एकोणीस होत्या.

बाईंनी वीस मिनिटं सादरीकरण केलं. पहिली दोन मिनिटं आवाज कापरा होता, मग लागला. त्यानंतर मगदूम सरांनी पहिली चिठ्ठी काढली. त्यांची बोलण्याची पद्धत हळू होती, जणू तेही विचार करत करत विचारताहेत.

सुरुवातीला त्यांनी गृहीतक आणि परिकल्पना यांतला फरक विचारला. बाई म्हणाल्या, परिकल्पना मी तपासते, ती चूकही ठरू शकते. गृहीतक मी न तपासता खरं धरते आणि त्यावर उभी राहते. मूल चाचणीच्या दिवशी नेहमीसारखं वाचेल, हे माझं गृहीतक. दोन गटांच्या प्रगतीत फरक नाही, ही माझी परिकल्पना. सरांनी लगेच विचारलं, की मग मर्यादा आणि परिमर्यादा? बाई म्हणाल्या, परिमर्यादा मी स्वतः आखल्या. दोनच तालुके, चौथीचाच वर्ग, जिल्हा परिषदेच्याच शाळा. मर्यादा माझ्या हातात नव्हत्या, त्या मला सोसाव्या लागल्या. सरांनी मान डोलावली.

मग त्यांनी चाचणीकडे मोर्चा वळवला. ही मुलं घरी हाय, न्हाय, कुठं, तितं बोलतात. तुमचा उतारा प्रमाण मराठीत. पोरानं 'आहे'ला 'हाय' वाचलं तर तुम्ही चूक धरली का? धरली असेल, तर तुम्ही वाचन मोजलंत की बोली मोजलीत?

हा प्रश्न ऐकून बाई पहिल्यांदा हसल्या. तो नियम त्यांनी आधीच ठरवला होता. मुलानं शब्द ओळखला आणि आपल्या बोलीत उच्चारला, तर तो बरोबर. सगळ्या वाचनांची ध्वनिफीत होती. त्यांतल्या तीस दुसऱ्या एका शिक्षकाला स्वतंत्रपणे तपासायला दिल्या होत्या, आणि दोघांच्या गुणांत दोनपेक्षा जास्त फरक फक्त तीन ठिकाणी आला होता. तो दुसरा शिक्षक म्हणजे मी. मागच्या रांगेत मी जरा ताठ बसलो.

तुम्ही स्वतः याच समाजातल्या आणि याच भागात शिकवता, त्याचा परिणाम झाला नसेल कशावरून, हेही त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, स्वतःची शाळा मी नमुन्यात घेतली नव्हती. पण परिणाम झाला नाही असं म्हणणार नाही. झाला. तो कुठं झाला, ते तुमच्या पुढच्या प्रश्नात येईल.

माधवी मॅडम खाली बघत होत्या. मगदूम सरांनी शेवटची, सगळ्यात लांब चिठ्ठी असलेलं पान उघडलं.

"ही तेवीस मुलं," ते म्हणाले. "तुम्ही लिहिलंय, चाचणीच्या दिवशी अनुपस्थित. ती उरलेल्यांसारखीच होती, असं तुम्ही धरलंय. लिहिलं नसलं तरी धरलंय. बरोबर?"

"हो सर. ते माझं न लिहिलेलं गृहीतक होतं. आणि ते चुकीचं होतं."

कोणीतरी खुर्ची सरकवली. बाईंनी पुढची स्लाइड लावली. एकवीस आणि सतरा. मग आठ आणि पाच. त्यांनी सावकाश सांगितलं, की गेलेली मुलं मुळात मागं होती, आणि ती योगायोगानं गेली नव्हती. सतरा घरी जाऊन विचारलं, घरच्यांनी निवडून नेली होती. सहा घरं मिळाली नाहीत, त्यांच्याबद्दल मी काही बोलू शकत नाही. ही चौकशी प्रबंध सादर झाल्यानंतरची आहे, त्यामुळे ती प्रबंधाचा भाग म्हणून धरू नये, एवढंही सांगितलं. शून्य प्रगती हाही अंदाजच आहे. खरी प्रगती त्याहून जास्त असेल, पण किती ते मी मोजलेलं नाही.

"मग तुमच्या निष्कर्षाचं काय राहिलं?" सरांनी विचारलं. आवाजात धार नव्हती.

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. "सर, ज्यांची घरं बाहेर जातात पण जी स्वतः मागं राहतात, अशी मुलं इतरांइतकीच पुढं जातात. माझा अभ्यास एवढंच दाखवतो. जी सोबत जातात त्यांच्याबद्दल तो काहीच सांगत नाही. मी सगळ्यांबद्दल सांगते आहे असं लिहिलं, कारण मला ते खरं असायला हवं होतं. मीही सोबत जाणाऱ्यांतली होते."

मगदूम सर म्हणाले, की हा अभ्यास पुन्हा करायचा झाला तर काय कराल? याची तयारी बाईंनी केली नव्हती, मला माहीत होतं. तरी त्या थांबल्या नाहीत. दुसरी चाचणी फेब्रुवारीत शाळेत न घेता मी वाड्यावर जाऊन घेईन, म्हणाल्या. पोर जिथं असेल तिथं. आणि उताऱ्यासोबत औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही वाचायला देईन. माझी चाचणी फक्त पाठ्यपुस्तकातलं वाचन मोजते, हीही एक मर्यादा आहे, आणि ती मला पंधरा दिवसांपूर्वीच कळली.

सरांनी प्रबंध मिटला. "मॅडम, प्रबंधातली मर्यादा एका ओळीची होती. आज तुम्ही ती नीट सांगितलीत. मला एवढंच ऐकायचं होतं."

श्रोत्यांतून दोन प्रश्न आले, तेही झाले. मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. बाई व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शंभूराज त्यांच्या हातात पाण्याची बाटली देत होते, त्या ती घेत नव्हत्या. दहा मिनिटांनी दार उघडलं. अध्यक्षांनी दारातच उभं राहून वाचलं, की पदवी प्रदान करण्याची शिफारस करण्यात येत आहे. दोन दुरुस्त्या मात्र सुचवल्या होत्या. मर्यादांच्या पानावर आज सांगितलेलं सगळं यावं, आणि निष्कर्षातलं ते वाक्य बदलावं. त्यासाठी पंधरा दिवस.

टाळ्या वाजल्या. मला वाटलं होतं बाई रडतील. त्या भिंतीला टेकूनच हळूहळू खाली बसल्या, व्हरांड्यातल्या फरशीवर, साडी सावरत. आणि म्हणाल्या, "बरं झालं त्यांनी विचारलं." एवढंच, दोनदा. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की मला त्यांचं वय कमी झाल्यासारखं वाटलं. पेढे वाटले त्या दिवशी तो असा नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

जेवताना मगदूम सर त्यांच्या शेजारी बसले. इतकी वर्षं हा प्रश्न मी विचारतो, म्हणाले, बहुतेकजण सांगतात की नमुना मोठा घ्यायला हवा होता. नमुना मोठा केला तरी जी पोरं दारात नाहीत ती दारात येत नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या पीएच.डी.च्या वेळी आपण काय लपवलं होतं ते सांगितलं. बाई इतक्या हसल्या की ठसका लागला. काय लपवलं होतं ते मला ऐकू आलं नाही, आणि बाई सांगत नाहीत.

शंभूराजांना दुपारच्या दुधाच्या फेरीवर जायचं होतं, म्हणून बाई आणि मी एस.टी.नं निघालो. बारामती सुटली, दोन्ही बाजूंना ऊस लागला, तोवर बाई निष्कर्षातलं नवं वाक्य कसं लिहायचं ते मला बोलून दाखवत होत्या. मागं राहिलेल्या मुलांच्या, असं लिहू की मागं ठेवलेल्या? मी म्हणालो, ठेवलेल्या. त्यांनी ते वहीत लिहिलं. पुढच्या वळणावर बघतो तर त्या खिडकीच्या गजाला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या, वही मांडीवर उघडी. वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून मी वहीवर हात ठेवला. कंडक्टर तिकिटाला आला, तेव्हा मी दोन तिकिटं काढली आणि बाईंना उठवू नका, एवढी खूण केली.